औषधाच्या कपाटाबाहेरचं नाव

उन्हाळ्यात घामावाटे गेलेलं मीठ आणि पाणी भरून काढणारी एखादी पूड बाजारात आणायची म्हटलं, की सगळं लक्ष तिच्यात काय घालायचं याकडे जातं. नावाचा विचार शेवटी, पुडी छापायला देताना होतो. मला हा क्रम उलटा वाटतो. भोपाळच्या अवधपुरीत खजुरी कलांच्या रस्त्यानं जाताना किराणा दुकानही लागतं आणि मेडिकलही. ही पुडी यांपैकी कुठे ठेवली जाईल, कोण विकत घेईल, दिवसाच्या कुठल्या वेळी पाण्यात टाकेल आणि किती पाण्यात टाकेल, हे सगळं मोठ्या प्रमाणात नावावर अवलंबून आहे. मेडिकलमध्ये गेलेली पुडी माणूस आजारी पडल्यावर आणतो. आमच्याकडचं ऊन आजारी पडायची वाट पाहण्यासारखं नसतं.

हा प्रश्न माझ्यासमोर आला तो ओळखीच्या एका गृहस्थांमुळे. भेलमधून निवृत्त झालेले आहेत आणि मुलाला हाताशी धरून कैरीच्या चवीची अशी पूड करू पाहताहेत. गिऱ्हाईक त्यांनी पक्कं ठरवलंय. एक म्हणजे पोलीस आणि सैन्यभरतीसाठी पहाटेपासून मैदानावर धावणारी, नऊ-दहा वाजले तरी घरी न जाणारी मुलं. दुसरे म्हणजे शहराबाहेर रायसेनच्या बाजूला गहू निघाल्यावर उन्हाळी मूग करणाऱ्यांच्या शेतावरचे मजूर. मे अखेरीस मूग काढणीला येतो, पारा चाळिशीच्या वर असतो आणि पाऊस यायच्या आत शेत मोकळं करायचं असतं. नावांची त्यांनी केलेली यादी मी पाहिली. जवळजवळ प्रत्येक नावात इलेक्ट्रो, लाइट, हायड्रा, ग्लुको असा एखादा तुकडा होता. मुलगा म्हणाला, ‘काका, नाव ऐकून गुण येईल असं वाटलं पाहिजे ना!’ माझं म्हणणं नेमकं याच्या विरुद्ध आहे.

औषधासारखं नाव कधीच नको, असं मात्र मी म्हणणार नाही. ते जिथे हवं होतं तिथे त्यानं माणसं वाचवली आहेत. 1971 साली बांगलादेशाच्या युद्धात लाखो निर्वासित पश्चिम बंगालमध्ये आले आणि बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. शिरेतून द्यायचं सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबिस यांनी मीठ, खाण्याचा सोडा आणि ग्लुकोज पाण्यात मिसळून ते रोग्यांना पाजायला सुरुवात केली. त्यामागचं शास्त्र तोवर समजलेलं होतं. आतड्यात ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेतले जातात, त्यांच्या मागोमाग पाणी जातं आणि हा मार्ग कॉलऱ्यातही चालू राहतो. पण शास्त्र समजलं म्हणून लोकांचा विश्वास बसत नाही. तोंडानं प्यायचं पाणी म्हणजे सुईपेक्षा हलका उपचार, असं सगळ्यांना वाटायचं. महालनाबिसांनी त्याला ‘ओरल सलाइन’ म्हटलं. सलाइन म्हणजे जीव वाचवणारी गोष्ट हे लोकांना ठाऊक होतं, आणि तो मान त्यांनी या पेयाला मिळवून दिला. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण झपाट्यानं खाली आलं. तिथे रोग होता, रोगी होता, आणि नावात औषध असणं खरंही होतं आणि गरजेचंही.

अवधपुरीच्या मैदानावरचा मुलगा रोगी नाही. मूग काढणारी बाई रोगी नाही. तिला घाम येतो आहे, म्हणजे तिचं शरीर ठीक चाललं आहे. तिच्या हातात औषधाच्या नावाची पुडी दिली तर ती दोनपैकी एक गोष्ट करेल. ‘मला काय झालंय?’ म्हणून बाजूला ठेवेल, किंवा घरी नेऊन मुलाच्या जुलाबासाठी जपून ठेवेल. पहिल्यात पुडी वाया जाते. दुसऱ्यात धोका आहे, आणि तो किती आहे हे पाहायला पुडीच्या आत शिरावं लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या सूत्रानुसार एक लिटर ओआरएसमध्ये 2.6 ग्रॅम मीठ, 13.5 ग्रॅम ग्लुकोज, 1.5 ग्रॅम पोटॅशियम क्लोराइड आणि 2.9 ग्रॅम ट्रायसोडियम सायट्रेट असतं. मीठ आणि सायट्रेट मिळून सोडियम सुमारे 1.7 ग्रॅम होतं. हे जुलाबात गमावलेल्या पाण्याचं माप आहे. घामाचं माप वेगळं असतं. माणसामाणसात फरक बराच, पण एका लिटर घामात साधारण एक ग्रॅमच्या आसपास सोडियम धरायला हरकत नाही. शिवाय काम करणाऱ्याला पेय चवीला बरं लागलं पाहिजे, नाहीतर तो ते पिणारच नाही. आमच्या गृहस्थांच्या पुडीत म्हणून एका लिटरला दीड ग्रॅम मीठ आणि चाळीस ग्रॅम साखर आहे, थोडं पोटॅशियम आणि कैरीचा आंबटपणा वेगळा. दीड ग्रॅम मिठातून सोडियम येतं सुमारे सहाशे मिलिग्रॅम. म्हणजे ओआरएसच्या एक तृतीयांश सोडियम आणि तिप्पट साखर. धावणाऱ्या मुलाला हे मिश्रण चांगलं. जुलाबानं मलूल झालेल्या बाळाला हेच पाजलं तर हवं ते मीठ कमी पडेल आणि जादा साखर आतड्यात उलट पाणी ओढेल, जुलाब वाढतील. पेय तेच. गोंधळ फक्त नावानं होऊ शकतो.

हा गोंधळ आपल्या देशात झालेला आहे. ओआरएस ही तीन अक्षरं नावात घेतलेली गोड पेयं वर्षानुवर्षं विकली गेली आणि जुलाबाच्या रोग्यांनाही दिली गेली. हैदराबादच्या बालरोगतज्ज्ञ डॉ. शिवरंजनी संतोष यांनी त्याविरुद्ध अनेक वर्षं लढा दिला. 2022 च्या जुलैमध्ये अन्नसुरक्षा प्राधिकरणानं मधला मार्ग काढला होता. नावाच्या मागे-पुढे काही जोडून ही अक्षरं वापरा, पण ‘हे जागतिक आरोग्य संघटनेनं शिफारस केलेलं ओआरएस नाही’ असं पुडक्यावर लिहा. 2025 च्या ऑक्टोबरमध्ये प्राधिकरणानं ही मुभाच काढून घेतली आणि कुठल्याही खाद्यपदार्थाच्या किंवा पेयाच्या नावात ही अक्षरं चालणार नाहीत असं सांगितलं. मधली तीन वर्षं मला फार बोलकी वाटतात. सूचना छापलेली होती आणि नावही छापलेलं होतं. दुकानात माणूस नाव उच्चारतो, सूचना कोणी उच्चारत नाही. नावानं केलेली चूक बारीक अक्षरांनी दुरुस्त होत नाही, हे इतक्या खर्चानं कळलेलं आहे, तेव्हा नव्या पुडीनं तरी त्या वाटेला जाऊ नये. ज्या नावाला ‘हे औषध नाही’ अशी तळटीप जोडावी लागते ते नाव मुळातच टाकून द्यावं.

मुंबईच्या एफडीसी कंपनीचं उदाहरण इथे उपयोगी आहे. तिचं इलेक्ट्रल भोपाळच्या घराघरात माहीत आहे. ते ओआरएस आहे, आणि नावही तसंच थंड, दवाखान्यातलं आहे. त्याच कंपनीनं खेळणाऱ्या-राबणाऱ्यांसाठीचं पेय एनर्झल या वेगळ्याच नावानं विकलं. इलेक्ट्रलला इतकी ओळख मिळालेली असताना तिच्यावर स्वार होणं सोपं होतं. दोन कामांना दोन नावं दिली, हे मला योग्य वाटतं. आता आमच्या गृहस्थांनी ‘इलेक्ट्रो’नं सुरू होणारं नाव घेतलं तर त्यांची पुडी लोकांच्या मनात आपोआप औषधाच्या कपाटात जाईल, आणि वर कायद्याची कटकट.

ती कटकट जुनी आहे. ‘ग्लुव्हिटा’ हे नाव बिस्किटांसाठी नोंदवायला निघालेल्या कंपनीला ‘ग्लुकोव्हिटा’ या ग्लुकोज पुडीच्या मालकांनी अडवलं, आणि 1959 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं अडवणाऱ्यांच्या बाजूनं निकाल दिला. बिस्किटं आणि ग्लुकोजची पूड या वेगळ्या वस्तू असल्या तरी, अर्धवट आठवणीवर खरेदी करणारा माणूस फसेल, असं न्यायालयाला वाटलं. ‘अमृतधारा’ आणि ‘लक्ष्मणधारा’ यांच्या वादात 1962 मध्ये न्यायालयानं म्हटलं, की गिऱ्हाईक शब्दाचे तुकडे करून अर्थ लावत बसत नाही, एकूण आवाज त्याच्या कानात राहतो. पुढे 2007 मध्ये ‘ग्लुकॉन-डी’च्या मालकांनी ‘ग्लुकोज-डी’विरुद्ध मनाई मिळवली. तिन्ही प्रकरणांत न्यायालयाच्या डोळ्यांसमोर दुकानाच्या फळीपुढे उभा असलेला साधा माणूस आहे. नाव ठेवणाऱ्यानंही त्यालाच डोळ्यांसमोर ठेवावं. ग्लुको, व्हिटा, लाइट हे तुकडे इतक्यांनी वापरले आहेत, की त्यांतून बनवलेलं कुठलंही नाव कोणाच्या तरी नावासारखंच ऐकू येणार.

औषध टाळलं, की हात पहिल्यांदा ताकदीकडे जातो. एनर्जी, पॉवर, दम, जोश. यांना माझा विरोध औषधी नावांपेक्षाही जास्त आहे. मजुराला ठेक्यानं काम असतं, जितकं उरकेल तितके पैसे. ‘हे प्यालं की दम टिकतो’ असं नावानंच सांगितलं तर तो सावलीत बसण्याऐवजी एक ग्लास पिऊन पुन्हा उन्हात उतरेल. मीठ आणि पाणी घाम चालू ठेवायला मदत करतात. विश्रांतीची, सावलीची जागा ते घेऊ शकत नाहीत. कोणी बरळायला लागला, तोल जाऊ लागला, अंग तापलं, तर त्याला काही पाजत बसायचं नसतं. सावलीत आणून अंगावर पाणी ओतायचं, वारा घालायचा आणि 108 ला फोन करायचा. ताकद विकणारं नाव ती वेळ जवळ आणतं. त्यातून एनर्जी ड्रिंक म्हटलं की तरुण मुलांना कॅफिनचे डबे आठवतात, ते वेगळंच.

मग गारव्याची नावं. इथे अवधपुरी हे ठिकाण महत्त्वाचं ठरतं. मराठी घरात बसून यादी करणाऱ्याला ‘गारवा’ सुचतोच. मला तो शब्द फार आवडतो, पण शेतावरच्या हिंदी, बुंदेली, माळवी बोलणाऱ्या माणसाला तो कळणार नाही. ‘शीतल’ कळेल, पण तो वस्तूचा गुण सांगणारा शब्द. 1999 च्या ट्रेडमार्क कायद्याच्या कलम 9 नुसार नुसतं वर्णन करणारं नाव एकट्याच्या मालकीचं करून घेणं अवघड, आणि उद्या शेजारचा ‘शीतला’ काढेल. ‘ठंडाई’ म्हटलं की होळी आणि भांग. ‘पना’ हा कैरीच्या पन्ह्याचा इथला शब्द जवळचा आहे, पण तो सगळ्यांचा आहे, आणि उकडलेल्या कैरीचा गर नसलेल्या पुडीला पना म्हणणं खोटं ठरेल. जपानमध्ये ओत्सुका या औषध कंपनीनं 1980 मध्ये आपल्या पेयाच्या नावात सरळ ‘स्वेट’ हा इंग्रजी शब्द घातला आणि ते खपलं. जपानी गिऱ्हाइकाला तो परका होता म्हणून चाललं असावं. भोपाळमध्ये ‘पसीना’ नावाचं सरबत कोणी तोंडाला लावणार नाही. गेटोरेडचा मार्ग मला अधिक पटतो. 1965 मध्ये फ्लोरिडा विद्यापीठात ते बनवणारे रॉबर्ट केड मूत्रपिंडाचे डॉक्टर होते, तरी नाव आलं विद्यापीठाच्या गेटर्स या फुटबॉल संघावरून. जिथे घाम गळतो तिथलंच नाव.

आमच्या शेतावर आणि मैदानावर अशी काय वस्तू आहे? मी भांड्यांकडे वळलो. भांडं ना रोग बरा करायचं वचन देतं, ना ताकदीचं, ते फक्त पिण्याची आठवण देतं. ‘मटका’ आधीच बाद, महाराष्ट्रात तो आकड्यांचा जुगार आहे. ‘सुराही’ भोपाळी उर्दूला शोभते, मराठीतल्या सुरईमुळे आपल्यालाही कळते, पण शेरोशायरीनं तिच्यात दारू भरून ठेवली आहे. उरते छागल. जाड कॅनव्हासची ती पाण्याची पिशवी ट्रकला, बैलगाडीला, रेल्वेच्या खिडकीबाहेर टांगलेली असायची. नागपूरकडच्या माणसालाही शब्द माहीत आहे आणि विदिशाकडच्यालाही. ती पाणी गार कशी ठेवते? कापडातून थोडं पाणी बाहेर झिरपतं, वाऱ्यानं उडून जातं आणि जाताना उष्णता घेऊन जातं. माणसाचा घाम हेच काम करतो. झिरपलेलं पाणी पुन्हा भरलं नाही तर छागल रिकामी होते. या पुडीचं सगळं प्रयोजन त्या एका वस्तूत आहे, आणि त्यात डॉक्टर कुठेच नाही.

त्यावर पहिला आक्षेप मुलानंच घेतला. मैदानावरची पोरं लगेच ‘छागल-पागल’ करतील. करतीलच. मला ते अडचणीचं वाटत नाही. पोरांच्या तोंडी यमक बसलं की शब्द टिकतो, आणि त्यांना छागल म्हणजे काय हे माहीत नसलं तरी कोरा, कोणाशी न जुळणारा शब्द म्हणून तो त्यांच्याकडे जाईल. दुसरा आक्षेप जास्त खरा आहे. औषधाच्या कपाटातून बाहेर काढलेली पुडी सरबताच्या कपाटात जाऊन बसेल, आणि घरात पंख्याखाली बसलेली मुलं, रक्तदाबाचे आजोबा ती दिवसभर पितील. चार लिटर प्यालं तर एकशे साठ ग्रॅम साखर पोटात जाते. उन्हात खपणाऱ्यालाही तेवढी नको. त्यानं दोन लिटर हे आणि दोन लिटर साधं पाणी प्यावं, उरलेलं मीठ भाकरी-लोणच्यातून, डाळीतून येतं. रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊच नये. म्हणून मजेची, चटकदार नावंही मी नको म्हणतो. छागल या बाबतीतही बरी आहे. ती दिवाणखान्यात कधी नव्हती, ती प्रवासातली आणि राबण्यातली वस्तू. तरीही हे सगळं एका शब्दावर टाकणं बरं नाही. नावाच्या खाली, नावाच्या निम्म्या उंचीच्या अक्षरांत ‘धूप में मेहनत करने वालों के लिए’ असं लिहावं. हिंदीत लिहावं, कारण पुडी इथे विकायची आहे.

भांड्याच्या नावाचा आणखी एक उपयोग मला नंतर लक्षात आला. या पुड्यांच्या वापरात सगळ्यात जास्त चूक होते ती पाण्याच्या मापात. एक लिटरची पुडी दोनशे मिलिलिटरच्या ग्लासात टाकली, तर मीठ आणि साखर पाचपट घट्ट होतात. तहान वाढते, मळमळतं, आणि माणूस म्हणतो, ‘हे पिऊन उलट त्रास झाला.’ ओळखायची खूण सोपी आहे: तयार पेय अश्रूंपेक्षा खारट लागता कामा नये. ग्लुको-काहीतरी हे नाव चमचा आणि ग्लास सुचवतं, कारण ग्लुकोज आपण तसंच पितो. छागल हे नाव भरून ठेवायचं भांडं सुचवतं. पुडीच्या मागे ग्लासाचं चित्र मुळीच काढू नये. एक लिटरची पाण्याची बाटली काढावी, कारण ती आता प्रत्येक मजुराजवळ असते, आणि तिच्यावर मानेपर्यंत पाण्याची रेघ दाखवावी.

आता नोंदणी. ट्रेडमार्कच्या वर्गवारीत वर्ग 5 औषधांचा आणि वैद्यकीय वापराच्या आहाराचा, वर्ग 32 अल्कोहोल नसलेल्या पेयांचा आणि ती बनवायच्या मिश्रणांचा. आमच्या गृहस्थांचा सल्लागार दोन्हीत अर्ज करा म्हणत होता, अधिक संरक्षण म्हणून. लहान उद्योगाला ऑनलाइन अर्जाचं शुल्क प्रत्येक वर्गामागे साडेचार हजार रुपये आहे, तेव्हा पैशांचाही प्रश्न आहेच. पण मुख्य म्हणजे जी पुडी औषध नाही असं आपण सांगतो, तिच्यासाठी औषधाच्या वर्गात जागा मागू नये. अर्ज 32 मध्ये करावा. शोध मात्र 5, 30 आणि 32 या तिन्हींत घ्यावा, आणि तोही स्पेलिंगवर न थांबता उच्चारावरून, कारण छागल रोमन लिपीत चार तऱ्हांनी लिहिता येते आणि ‘अमृतधारा’च्या निकालानं कानालाच महत्त्व दिलं आहे. उच्चारानं जवळचं काही सापडलं तर मोह न धरता दुसऱ्या एखाद्या भांड्याकडे जावं.

अर्ज भरण्याआधी त्यांनी एक करून पाहावं, असं मी सुचवलं आहे. नाव छापलेल्या काही कोऱ्या पुड्या अवधपुरीतल्या किराणावाल्यांकडे न्यायच्या आणि काही न सांगता विचारायचं, ‘भैया, इसे कहाँ रखोगे?’ रसना आणि सरबतांच्या शेजारी हात गेला तर नाव चाललं. ‘ये तो मेडिकल में दे दो’ असं उत्तर आलं, तर नाव बदलायचं, पूड नाही.